अठरा हजार बिलांतून साठ: अंतर्गत ऑडिटर सॅम्पल काढतो म्हणजे नेमकं काय करतो

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतली १२२ कोटींची रोकड गायब असल्याची तक्रार पोलिसांत गेली. बँकेबाहेर रांगेत उभ्या ठेवीदारांचा पहिला प्रश्न होता, "मग ऑडिटर काय करत होते?" २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या वेळीही लोकांनी हेच विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की ऑडिटर प्रत्येक व्यवहार उघडून बघतो. तसं तो करत नाही, आणि ठरवलं तरी त्याला ते जमणारं नाही. हजारो व्यवहारांतून तो मूठभर निवडतो, ते कसून तपासतो आणि त्यावरून बाकीच्यांबद्दल मत बनवतो. त्या मताला किती वजन द्यायचं, हे निवड कशी झाली आणि कशातून झाली यावर ठरतं.

बँकांचं काम गुंतागुंतीचं असतं, म्हणून इथे एक साधं, कल्पित उदाहरण घेऊ. सुटे भाग बनवणारा चाकणचा एक खासगी कारखाना धरा, उलाढाल २०० कोटींच्या वर. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३८ प्रमाणे एवढ्या उलाढालीच्या प्रायव्हेट कंपनीला अंतर्गत ऑडिटर नेमावाच लागतो. वर्षअखेरीला ताळेबंदावर सही करणारा वैधानिक ऑडिटर वेगळा. अंतर्गत ऑडिटर कंपनीने स्वतःच्या कारभारावर नजर ठेवायला नेमलेला असतो. तो बाहेरचा सीए असेल, कॉस्ट अकाउंटंट असेल किंवा कंपनीचाच पगारी माणूस असेल. या वर्षी त्याच्याकडे एक काम आलं आहे: पुरवठादारांना दिलेले पैसे योग्य रीतीने गेले का, हे बघायचं. वर्षभरात १८,४६० बिलं चुकती झाली, रक्कम १४२ कोटी.

## आधी प्रश्न, मग बिलं

नवशिका ऑडिटर गेल्या गेल्या बिलांची फाईल मागतो. मुरलेला आधी विचारतो की पैसे चुकीच्या जागी जाऊ नयेत म्हणून तुमच्याकडे अडसर कोणता आहे. या अडसराला ऑडिटच्या भाषेत कंट्रोल म्हणतात. आपल्या कारखान्यातला मुख्य कंट्रोल तीन कागद जुळवण्याचा आहे. माल मागवताना काढलेली पर्चेस ऑर्डर, माल स्टोअरमध्ये उतरल्यावर केलेली जीआरएन नावाची पोच, आणि पुरवठादाराचं बिल. तिन्हींतला माल, नग आणि दर जुळले तरच पेमेंट सुटायचं. ते नाही जुळले तर संगणक पेमेंट अडवून धरतो.

यातून ऑडिटर चार प्रश्न काढतो आणि ते प्रत्येक निवडलेल्या बिलाला विचारतो. पर्चेस ऑर्डर बिलाच्या आधीची आहे का, आणि तेवढ्या रकमेला मंजुरी द्यायचा ज्याला अधिकार आहे त्यानेच ती मंजूर केली का? जीआरएन पेमेंटच्या आधीची आहे का, आणि नग जुळतात का? बिलातला दर ऑर्डरप्रमाणे आहे का? आणि पैसे पुरवठादाराच्या नोंदलेल्या बँक खात्यातच गेले का?

या चारपैकी कोणत्याही प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं की त्याला एक्सेप्शन म्हणायचं, म्हणजे नियम मोडल्याची नोंद. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे आधीच लिहून ठेवावं लागतं. दरात २ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं कंपनीचं धोरण असेल, तर दीड टक्क्याचा फरक एक्सेप्शन होत नाही. हे आधी ठरलं नाही की तपासणी झाल्यावर त्यावरून वाद घालण्यात दुपार जाते, आणि त्या वादात आवाज ज्याचा मोठा त्याचं खरं ठरतं.

## यादीच खोटी असेल तर?

सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते या पायरीकडे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त द्यायला हवं तेही इथेच. ज्या संपूर्ण ढिगातून सॅम्पल काढायचं त्याला पॉप्युलेशन म्हणतात. ऑडिटरला ती यादी बहुतेकदा अकाउंट्स विभागच एक्सेलमध्ये काढून देतो. म्हणजे ज्याची तपासणी करायची त्यानेच प्रश्नपत्रिका काढून दिल्यासारखं झालं. यादीत एखादं बिल नसेल, तर कितीही शास्त्रशुद्ध निवड केली तरी ते कधीच हाती लागणार नाही.

म्हणून आधी यादीची बेरीज स्वतंत्र ठिकाणाहून आलेल्या आकड्याशी जुळवतात. आपल्या कारखान्यात यादीची बेरीज १४२ कोटी आली, पण बँक स्टेटमेंटवरून पुरवठादारांना गेलेली रक्कम १४३.१ कोटी निघाली. १.१ कोटीचा हा फरक आठ अॅडव्हान्स पेमेंटचा होता. माल यायच्या आधीच पैसे द्यायचे असल्याने ती वेगळ्या वाटेने जात, तीन कागद जुळवायचा प्रश्नच तिथे येत नव्हता, आणि अकाउंट्सवाल्यांनी "बिलांची यादी" म्हटल्यावर ती साहजिकच वगळली. यात लबाडी नव्हती. तरीही नियमाचा अडसर नसलेली हीच आठ पेमेंट ऑडिटरच्या नजरेतून सुटली असती. त्याने ती बाजूला काढली आणि आठही तपासली.

व्हाउचर क्रमांकांतल्या फटीही तो बघतो. ५,२०१ नंतर थेट ५,२०३ असेल तर ५,२०२ कुठे गेलं? बहुतेक वेळा ते रद्द झालेलं असतं. पण रद्द झालेलं व्हाउचरही डोळ्यांनी बघावं लागतं.

पीएमसी बँकेचं प्रकरण इथे आठवावं. एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेल्याचं तेव्हा तपासातून पुढे आलं. त्या वेळच्या बातम्यांनुसार ही खाती बँकेच्या मूळ संगणक प्रणालीत नव्हतीच, रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत मात्र होती, आणि प्रत्येकाची रक्कम लहान असल्याने त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मोठी कर्जं निवडून तपासणाऱ्याच्या चाळणीतून ती आरपार गेली. यादी आणि प्रणाली एकमेकांसमोर ठेवून खाती मोजली असती, तर सॅम्पल काढायच्या आधीच गडबड दिसली असती.

## एवढ्याशा साठ बिलांवरून अठरा हजारांचं काय कळणार?

लोकांना सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि इथेही तत्त्व तेच आहे. भात नीट ढवळलेला असेल तर घरच्या पातेल्यातून असो की लग्नाच्या हंड्यातून, चार शितं पुरतात. हंडा दसपट मोठा म्हणून कुणी दसपट शितं चेपून बघत नाही.

गणित असं. समजा कंट्रोल ढिला आहे आणि शंभरात पाच बिलांत नियम मोडलेला आहे. यादृच्छिकपणे उचललेलं एक बिल स्वच्छ निघायची शक्यता ०.९५. साठच्या साठ स्वच्छ निघायची शक्यता म्हणजे ०.९५ ला स्वतःनेच साठ वेळा गुणायचं. उत्तर येतं ०.०४६, म्हणजे शंभरात पाचांहूनही कमी. तेव्हा साठही बिलं स्वच्छ निघाली तर ऑडिटर म्हणू शकतो: चुकांचं प्रमाण ५ टक्के किंवा त्याहून जास्त असतं, तर मला एकही चूक न सापडणं फार अवघड होतं, म्हणून मी ९५ टक्के खात्रीने सांगतो की ते ५ टक्क्यांच्या आत आहे. काटेकोर हिशेबात ५९ पुरतात. साठ हा गोल आकडा.

या गणितात १८,४६० हा आकडा कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. बिलं एक लाख ऐंशी हजार असती तरी साठच लागली असती. एकूण बिलंच दोनशे-तीनशे असतील तर सॅम्पल थोडं लहान चालतं, एवढाच फरक. "एकूणाच्या १० टक्के तपासा" हा ऑफिसांतला जुना हिशेब मात्र दोन्हीकडे फसतो. अठरा हजारांवर तो अठराशे बिलांचा बोजा टाकतो, आणि पन्नास बिलांच्या ढिगातून फक्त पाच बघून समाधान मानायला लावतो.

खात्री आणि मर्यादा हे दोन आकडे ऑडिटर आपल्या निर्णयाने ठरवतो. शंभर बिलांत पाच नाही तर दहा चुका खपवून घ्यायला तो तयार असेल, तर त्याच ९५ टक्के खात्रीला २९ बिलं पुरतात. जिथे मोठी रक्कम अडकली आहे किंवा गेल्या वर्षी गोंधळ सापडला होता, तिथे मर्यादा घट्ट करायची आणि सॅम्पल वाढवायचं.

## पण भात ढवळलेला आहे का?

शितं एकमेकांसारखी असतात, बिलं नसतात. कुठे बाराशे रुपयांचं स्टेशनरीचं बिल असतं, कुठे चाळीस लाखांचं पोलादाचं. सगळी एकत्र टाकून निवड केली तर ढीग लहान बिलांचाच असल्याने हातात लहानच येणार. म्हणून आधी थर पाडतात. आपल्या ऑडिटरने २५ लाखांच्या वरची बिलं वेगळी काढली. ती फक्त २१२ होती, पण त्यांत ६१ कोटी होते. ही सगळीच्या सगळी तपासायची. उरलेल्या १८,२४८ मधून साठ निवडायची.

आता निवड. खुर्चीवर बसून स्क्रोल करत मधूनमधून एखाद्या बिलावर बोट ठेवणं म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. माणसाचं बोट नकळत यादीचं पहिलं-शेवटचं बिल टाळतं, ओळखीच्या पुरवठादारावर थांबतं, आणि फाईल वरच्या फळीवर असेल तर ते बिल नकोच म्हणतं. फक्त मार्च महिन्याचा गठ्ठा उचलणंही तसंच. त्यातून मार्चचं कळतं, वर्षाचं नाही.

सोपी रीत अशी: १८,२४८ भागिले ६०, म्हणजे दर ३०४ बिलांमागे एक. सुरुवातीचा आकडा १ ते ३०४ मधून संगणकाला काढायला सांगायचा. समजा १४७ आला. मग १४७, ४५१, ७५५ असं पुढे जात राहायचं. यात एक खोच आहे. यादी अशा क्रमाने लावलेली असेल की ठरावीक अंतराने एकाच प्रकारची बिलं येतात, तर प्रत्येक वेळी तेच हाती लागतं. शंका असेल तर सरळ प्रत्येक बिलाला यादृच्छिक आकडा देऊन क्रम लावायचा आणि वरची साठ घ्यायची. एक्सेलमध्ये हे `=RAND()` ने होतं. फक्त एक्सेल ते आकडे दर वेळी बदलतं, म्हणून लगेच कॉपी करून मूल्यं म्हणून चिकटवायची आणि ती फाईल जपून ठेवायची. उद्या कुणी विचारलं की हीच साठ का, तर उत्तर दाखवता आलं पाहिजे.

## "साहेब, तो कागद उद्या देतो"

साठ क्रमांकांची यादी विभागाला गेली की खरी गंमत सुरू होते. पन्नासेक बिलांचे कागद तासाभरात टेबलावर येतात. बाकीच्यांबद्दल "साहेब, उद्या देतो" ऐकू येतं. इथे ऑडिटरची कसोटी आहे, कारण दोन मोह समोर उभे असतात.

पहिला मोह म्हणजे न सापडणारं बिल सोडून शेजारचं घेणं. असं केलं की सॅम्पल संपलं. सापडत नाहीत ती बिलं बहुधा तीच असतात ज्यांत काहीतरी बिनसलेलं असतं. त्यांच्या जागी सापडणारी घ्यायची म्हणजे दुखरं बोट झाकून नाडी बघायची. कागद मिळाला नाही तर ते एक्सेप्शनच. रीतसर रद्द झालेलं व्हाउचर सॅम्पलमध्ये आलं असेल, तर ते रद्द कसं झालं हे बघून त्याच्या जागी पुढचं घेता येतं. एवढीच सूट.

दुसरा मोह म्हणजे उद्या आलेला कागद निमूट मान्य करणं. रात्रीत बनवलेली पोच कागदावर ओळखणं कठीण असतं. शाई, शिक्का, तारीख सगळं ठीकठाक दिसतं. म्हणून तारीख प्रणालीतून बघायची. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं बंधनकारक आहे. नोंद कोणत्या लॉगिनने, कधी केली आणि नंतर कधी बदलली, हे तिथे दिसतं. कागदावर ६ ऑक्टोबर आणि प्रणालीत १४ ऑक्टोबर असेल, तर चौकशी तिथूनच सुरू करायची.

आपल्या साठांपैकी सत्तावन्न बिलं चारही प्रश्नांना उतरली. तिघांत अडकलं.

एका बिलात पर्चेस ऑर्डर बिलाच्या दोन दिवस नंतर काढलेली होती. फोनवर माल मागवून घेतला आणि कागद मागाहून रंगवला. बाकीच्या दोन्हींत जीआरएन पेमेंटनंतरची होती. पहिलं खोक्यांचं, ३,८४,००० रुपयांचं. पैसे ९ ऑक्टोबरला गेले, पोच १४ ऑक्टोबरची. स्टोअरकीपर म्हणाला, माल ६ तारखेलाच आला होता, एंट्री करणारा मुलगा रजेवर होता. हे खरं की सबब? ऑडिटर गेटवर गेला आणि वॉचमनचं आवक रजिस्टर उघडलं. ६ तारखेला गाडी आत आल्याची नोंद होती. म्हणजे माल आला होता, नियम मात्र मोडला होता. दुसऱ्या बिलाचं तसं नव्हतं. पैसे १६ ऑक्टोबरला गेले आणि गाडी गेटमधून आत आली २१ ऑक्टोबरला. न आलेल्या मालाचे पैसे पाच दिवस आधी दिले गेले होते.

गेटचं रजिस्टर महत्त्वाचं, कारण ते स्टोअर किंवा अकाउंट्सच्या हातात नसतं. ज्याची तपासणी चालली आहे त्याच्या हाताबाहेर तयार झालेला पुरावा कधीही वरचढ.

## "साठात तीनच ना? पंच्याण्णव टक्के मार्क पडले की"

व्यवस्थापनाची ही प्रतिक्रिया ठरलेली. इथे गणिताकडे परत जावं लागतं. जीआरएनच्या प्रश्नावर साठांत दोन, म्हणजे सॅम्पलमध्ये ३.३ टक्के. पण साठांत दोन सापडली म्हणून अठरा हजारांतही बरोबर ३.३ टक्केच असतील असं नाही. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं प्रमाण १०.२ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ऑर्डरच्या प्रश्नावर एकच चूक सापडली, तरी ती वरची मर्यादा ७.७ टक्के येते. आपण ठरवलेली सहनशक्ती ५ टक्के होती. म्हणजे एका चुकीनेही ती ओलांडली. साठांचं सॅम्पल मुळात एकही चूक सापडणार नाही असं गृहीत धरूनच बेतलेलं असतं, हे मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही.

याच्या उलटी चूक ऑडिटरही करतात. ३.३ टक्के गुणिले ८१ कोटी, म्हणजे पावणेतीन कोटींचं नुकसान, असं अहवालात ठोकून देतात. हे चूक आहे. या पद्धतीने नियम किती वेळा मोडला ते कळतं, किती रुपये बुडाले ते नाही. खोक्यांच्या बिलात नियम मोडला तरी एक रुपयाही बुडालेला नव्हता. रुपयांचा अंदाज हवा असेल तर निवड वेगळ्या रीतीने करावी लागते. तिथे बिलांऐवजी रुपयांतून सॅम्पल काढतात, म्हणजे जेवढं बिल मोठं तेवढी ते निवडलं जायची शक्यता जास्त.

आणि "ही एकच सुटी घटना आहे" हे वाक्य पुराव्याशिवाय मान्य करायचं नाही. दोन्ही जीआरएनची बिलं दोन नंबरच्या स्टोअरची होती. प्रणाली पेमेंट अडवून धरते असं सुरुवातीला सांगितलं होतं ना? मग ही सुटली कशी? ऑडिटर लॉगमध्ये शिरला. दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बदलताना स्टोअर दोनच्या एका लॉगिनला पेमेंटवरचा अडसर उठवायचा अधिकार तात्पुरता दिला होता, काम खोळंबू नये म्हणून. तो काढून घ्यायचं राहून गेलं.

इथून पुढे सॅम्पलची गरजच उरली नाही. अडसर जितक्या वेळा उठवला तितक्या वेळा लॉगमध्ये नोंद होती. वर्षभरात ४१२ वेळा, त्यांतल्या ३७१ त्या एकाच लॉगिनने. सगळ्या ४१२ नोंदी गेटच्या रजिस्टरशी ताडल्या. बहुतेकांत माल आधी किंवा नंतर आलेला होता. काही बिलं वाहतुकीची आणि दुरुस्तीची होती, त्यांचा माल गेटमधून येतच नाही. शेवटी सहा बिलं उरली, एकूण ४,२०,००० रुपयांची, ज्यांचा माल आल्याचा कुठेच पुरावा नव्हता.

## सगळंच संगणकाने तपासता येतं, मग साठ कशाला?

आक्षेप बरोबर आहे, आणि त्याने काम बदललंही आहे. एकच बिल दोनदा चुकतं झालं का, पुरवठादाराचं आणि एखाद्या कर्मचाऱ्याचं बँक खातं एकच आहे का, ५०,००० च्या मंजुरी मर्यादेखाली ४९,५०० ची बिलं एकाच दिवशी दोन-तीन निघाली का, हे सगळं संगणक सगळ्या बिलांवर काही मिनिटांत बघून देतो. हे साठांवर बघत बसणं आज वेडेपणा ठरेल.

पण संगणक फक्त रकान्यात भरलेलं वाचतो. रकान्यात "१,२०० नग मिळाले" असं असेल तर त्याच्या दृष्टीने ते मिळाले. ते खरंच उतरले का, मंजुरीची सही साहेबांची की त्यांचा पासवर्ड वापरणाऱ्या असिस्टंटची, बिलातल्या कामाची गरज तरी होती का, हे विचारायला माणसालाच जावं लागतं, आणि माणूस अठरा हजार ठिकाणी जाऊ शकत नाही. म्हणून सगळ्या बिलांवर संगणकाची चाळणी आणि साठ बिलांवर पायपीट, अशी दोन्ही कामं होतात.

## मग घोटाळे सुटतात कसे?

समजा या १८,२४८ बिलांत कुणीतरी फक्त दहा बोगस बिलं घुसवली आहेत. साठांच्या सॅम्पलमध्ये त्यांतलं एक तरी येण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास आहे. सत्त्याण्णव वेळा ती सुटणार, आणि निवडीत कसलीही कुचराई नसताना सुटणार. सॅम्पल सवयी पकडतं. जी गोष्ट वारंवार ढिली होते ती त्यात दिसते. क्वचित, जपून आणि नेमकी केलेली चोरी दिसत नाही. तिच्यासाठी वर सांगितलेली संगणकाची चाळणी, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांना सक्तीची रजा आणि अचानक भेट ही हत्यारं असतात. रोकड तर तिजोरी न सांगता उघडून मोजण्यावाचून दुसरा इलाज नाही. व्हाउचरचं कितीही सुंदर सॅम्पल काढलं तरी तिजोरीत नोटा आहेत की नाहीत हे त्यातून कळत नाही.

## अहवालात काय लिहायचं

"काही बिलांत अनियमितता आढळल्या, योग्य ती काळजी घ्यावी" हे वाक्य हजारो अहवालांत सापडतं आणि त्याचा उपयोग शून्य. चांगल्या नोंदीत नियम काय होता, काय आढळलं, ते का घडलं, त्याने काय होऊ शकतं आणि काय करायचं, हे पाचही येतं. आपल्या कारखान्याची नोंद अशी होईल:

> धोरणाप्रमाणे जीआरएनशिवाय पेमेंट सुटू नये. २५ लाखांपर्यंतच्या १८,२४८ बिलांतून यादृच्छिक निवडलेल्या ६० पैकी २ बिलांत पेमेंट जीआरएनच्या आधी झाले. लॉगनुसार वर्षात ४१२ वेळा अडसर उठवला गेला, त्यांतील ३७१ वेळा स्टोअर दोनच्या एका लॉगिनने. प्रणाली बदलताना दिलेला तात्पुरता अधिकार काढून घेतला गेला नाही. सर्व ४१२ तपासले असता ४,२०,००० रुपयांच्या ६ बिलांचा माल आल्याचा पुरावा मिळाला नाही. अधिकार तत्काळ काढावा, ६ बिलांची वसुली करावी, आणि अडसर उठवल्याची मासिक यादी फायनान्स प्रमुखांनी तपासावी.

यात माणसाचं नाव नाही, लॉगिन आहे. चोरी हा शब्दही नाही, कारण सहा बिलांचं पुढे काय निघेल ते अजून माहीत नाही. किती बिलांतून किती निवडली आणि कशी, हे मात्र आहे. ते नसेल तर वाचणाऱ्याला दोन म्हणजे किती हे कळायला मार्ग नाही.

मसुदा आधी विभागाला दाखवतात. तथ्य चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं. शब्द मवाळ करा अशी विनंती येते, तेव्हा शब्द बदलायला हरकत नाही, आकडा बदलायला आहे. व्यवस्थापनाचं उत्तर, जबाबदार माणूस आणि तारीख नोंदीखाली छापून अहवाल वरिष्ठांकडे, आणि असेल तिथे ऑडिट कमिटीकडे जातो.

तीन महिन्यांनी ऑडिटर पुन्हा येतो. विभाग त्याला अधिकार काढल्याचा स्क्रीनशॉट देतो. तो स्क्रीनशॉट बाजूला ठेवतो आणि अधिकार काढल्याच्या तारखेपासून आजपर्यंतचा लॉग मागतो. नवी यादी तेवढ्याच काळाची, कारण जुनी बिलं मिसळली तर सुधारणा झाली की नाही हे कळणार नाही. त्यात स्टोअर दोनचं ते लॉगिन दिसत नसेल, पण अडसर उठवल्याच्या नोंदी एक नंबरच्या स्टोअरमधून वाढल्या असतील, तर काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.